जाहिरातीतला स्टार आणि तळाची बारीक अट : या चुका टाळा

आखाजी जवळ आली की जळगाव-धुळ्याकडची डीटीपी सेंटरं रात्री उशिरापर्यंत चालू असतात. सराफ, टू-व्हीलरवाले, ठिबकवाले, कापड दुकानदार, सगळ्यांना उद्याच्याच अंकात जाहिरात हवी असते. हिरोईनच्या फोटोवर आणि लोगोच्या रंगावर तासभर वाद होतो. दाव्यापुढे * असा स्टार लावून तळाला बारीक अक्षरात लिहिलेल्या अटींकडे मात्र पान प्रेसला जायच्या दहा मिनिटं आधी कुणाचं तरी लक्ष जातं. म्हणून दरवर्षी त्याच चुका छापून येतात आणि दुकानाच्या काउंटरवर तीच भांडणं होतात.

स्टार वर एक, अट खाली दुसरीच

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती वाचताना दिसत नाही. पान सुंदर दिसतं, शुद्धलेखन बरोबर असतं, आणि अर्थ मात्र पार उलटा झालेला असतो.

आमच्याच भागातल्या एका सराफी दुकानाची गोष्ट सांगतो. दुरुस्तीची जाहिरात करायला ते माझ्याकडे आले, तेव्हा मूळ पान मी पाहिलं. पहिल्या प्रुफात वर तीन ऑफर होत्या :

हिऱ्यांच्या दागिन्यांच्या मजुरीवर ५० टक्के सूट*
प्रत्येक खरेदीवर चांदीचं नाणं मोफत**
जुन्या सोन्याला पूर्ण भाव***

आणि तळाशी तीन अटी :

* फक्त निवडक डिझाइनवर
** किमान २५ हजार रुपयांच्या खरेदीवर
*** फक्त हॉलमार्क असलेल्या दागिन्यांसाठी

इथवर निदान जोड्या तरी बरोबर होत्या. रात्री मालकाचा फोन आला की हिऱ्यांची ऑफर काढून टाका. ऑपरेटरनं वरची पहिली ओळ काढली आणि खालची पहिली अटही काढली. मग त्याला वाटलं की यादी दोन स्टारपासून सुरू होते ते विचित्र दिसतं. म्हणून त्यानं वरचे स्टार नीट केले. नाण्याला एक, जुन्या सोन्याला दोन. खाली हात लावायचं राहून गेलं. छापून आलं ते असं :

प्रत्येक खरेदीवर चांदीचं नाणं मोफत*
जुन्या सोन्याला पूर्ण भाव**

** किमान २५ हजार रुपयांच्या खरेदीवर
*** फक्त हॉलमार्क असलेल्या दागिन्यांसाठी

आता बघा काय झालं. नाण्याचा एक स्टार खाली कुठेच नाही, म्हणजे नाण्याला अटच उरली नाही. २५ हजारांची अट जुन्या सोन्याला जाऊन चिकटली. आणि हॉलमार्कची अट तीन स्टार घेऊन तळाशी एकटी पडली, तिचा वर कुणी धनी नाही. सकाळी पारोळा, एरंडोलकडची माणसं जाहिरातीचं कात्रण घेऊन आली. कुणी पैंजण घेतलं, कुणी नुसती बाळ्यांची जोडी, आणि सगळ्यांनी नाणं मागितलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. छापलं तेच ते मागत होते. मालकानं दुपारपर्यंत नाणी दिली आणि मग हात वर केले, त्यावर वाद झाला. दुसरीकडे ज्यांच्याकडे मोडायला थोडंसंच जुनं सोनं होतं, ती माणसं २५ हजारांचा आकडा वाचून आलीच नाहीत. एका रांगेतला एक स्टार हलला आणि दुकानाचं दोन्ही बाजूंनी नुकसान झालं.

अशी चूक ओळखायची सोपी खूण आहे. वरचे स्टार आणि खालचे स्टार वेगवेगळे मोजा. वर एक आणि दोन, खाली दोन आणि तीन, एवढ्यावरच पान थांबवायला हवं होतं. पण नुसत्या मोजणीवर विसंबू नका. समजा त्या ऑपरेटरनं खालच्या अटींची अदलाबदल करून त्यांना एक आणि दोन स्टार दिले असते, तर मोजणी जुळली असती आणि अर्थ तरीही चुकला असता.

माझी सवय सांगतो. मसुद्यात मी स्टार टाकतच नाही. प्रत्येक दाव्याच्या पुढे कंसात त्याची पूर्ण अट लिहितो, म्हणजे दावा काढला की अटही त्याच्यासोबत जाते. मालकाचा शेवटचा होकार आला की मगच अटी तळाला नेतो आणि स्टार लावतो. त्यानंतर कागदावर प्रिंट काढतो आणि लाल पेनानं प्रत्येक अटीपासून तिच्या दाव्यापर्यंत रेघ ओढतो. रेघ नेहमी खालून वर. वरून खाली गेलं की डोळा घाई करतो आणि तळाशी एकटी राहिलेली अट सुटून जाते. एक शब्द जरी बदलला तरी नवीन प्रिंट आणि पुन्हा सगळ्या रेघा. नवीन मुलांना हे फार जिवावर येतं. स्क्रीनवर बघितलं की झालं, असं त्यांना वाटतं. ज्याला प्रिंट काढायचा कंटाळा आहे त्याच्या हातात मी ऑफरची जाहिरात देत नाही.

तीन-तीन स्टारांची रांगही टाळावी. लहान अक्षरात दोन आणि तीन स्टार यांतला फरक चाळिशी लागलेल्या माणसाला कळत नाही. छपाईत * नंतर † आणि मग ‡ अशी चिन्हं वापरायची जुनी पद्धत आहे, पण आपल्याकडचा गिऱ्हाईक ती चिन्हं ओळखत नाही, त्याला तो छपाईचा डाग वाटतो. काहीजण स्टारऐवजी लहान आकडे टाकतात. किमतीच्या शेजारी ते कधीही टाकू नका. ४९९ च्या डोक्यावर बसलेला २ वर्तमानपत्रात ४९९२ असाही वाचला जातो. मी एका जाहिरातीत दोनच अटी तळाला नेतो. तिसरी असेल तर ती त्या दाव्याच्या शेजारीच लिहितो.

अट दाव्याला मारते

वरच्या गोष्टीत दुसरी चूक आधीपासूनच होती, ती पहिल्या प्रुफातही होती. वर ‘प्रत्येक खरेदीवर’ आणि खाली ‘किमान २५ हजार’. स्टार कितीही बरोबर लावला तरी ही जोडी खोटीच राहते. तळाच्या अटीचं काम दावा स्पष्ट करायचं आहे. ऑफर कोणत्या शाखेत, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या मालावर, हे तिनं सांगावं. दावा उलटवायचं काम तिचं नाही.

हे माझं एकट्याचं मत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हेच आहे. अटीनं महत्त्वाची माहिती लपवू नये, दाव्याच्या विरुद्ध बोलू नये, आणि दिशाभूल करणारा दावा खाली सुधारून घ्यायचा प्रयत्न करू नये. ‘मोफत’ या शब्दावर त्यात वेगळा नियमही आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत. आणि गिऱ्हाईकाला तक्रारीसाठी १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तो आता खेड्यातल्या पोरांनाही माहीत आहे.

माझी परीक्षा साधी आहे. दावा मोठ्यानं वाचायचा, मग ‘पण’ म्हणायचं आणि अट वाचायची. ‘मजुरीवर सूट, पण रविवारपर्यंत’ हे चालतं. ‘प्रत्येक खरेदीवर मोफत, पण प्रत्येक खरेदीवर नाही’ हे चालत नाही. असं झालं की अट सरळ मथळ्यात घ्यायची : २५ हजारांच्या खरेदीवर चांदीचं नाणं मोफत. स्टारची गरजच संपली.

मालक लगेच म्हणतात, “भाऊ, असं लिहिलं तर दुकानात कोन येईन?” मी त्यांना सांगतो, शेठ, २५ हजारांची खरेदी करणारा येईल, आणि तोच तुम्हाला हवा आहे. बाळ्या घेऊन नाण्यासाठी भांडणारा माणूस तुमची पुढच्या लग्नसराईची चार गिऱ्हाइकं तोडून जातो. ‘५० टक्के’ वीतभर आणि ‘पर्यंत’ मुंगीएवढं, हीसुद्धा त्याच घरातली चूक. ‘पर्यंत’ हा दाव्याचाच भाग आहे, तो दाव्याच्या निम्म्या आकारात तरी हवाच.

बाकीच्या, थोडक्यात

मराठी जाहिरातीखाली इंग्रजी अटी. कंपनीकडून तयार डिझाइन येतं, आपला माणूस मथळा मराठीत करतो आणि तळ तसाच सोडतो. रावेर-यावलचा केळीवाला शेतकरी ठिबकच्या अनुदानाचा मथळा मराठीत वाचतो आणि अनुदान कुणाला मिळणार ते मात्र इंग्रजीत. दावा ज्या भाषेत त्याच भाषेत अट, हे त्या २०२२ च्या तत्त्वांत स्पष्ट आहे.

नुसतं ‘*अटी लागू’. कोणत्या? निदान दोन खऱ्या अटी लिहा, आणि बाकीच्या दुकानात कुठे लावल्यात ते सांगा.

अक्षराचा आकार. देवनागरीत वर रफार-वेलांटी आणि खाली उकार यांना जागा लागते, म्हणून इंग्रजीत चालणारा ६ पॉइंट मराठीत वाचवत नाही. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, अनुस्वार आणि जोडाक्षरांची पोकळी भरून जाते. मी ८ च्या खाली जात नाही. लाल पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं तर नकोच. चार रंग केसभर सरकले तरी ती बुजतात. अटी पांढऱ्यावर आणि फक्त काळ्या शाईत ठेवा.

जुन्या फॉण्टमधला स्टार. युनिकोडपूर्वीच्या काही मराठी फॉण्टांत स्टारच्या कळीवर भलतंच चिन्ह बसलेलं असतं. मजकूर एका फॉण्टातून दुसऱ्यात नेला की स्टार गायब होतो किंवा त्याचं अवतरणचिन्ह होतं. स्टारला वेगळा इंग्रजी फॉण्ट द्या. ‘खरेदी’सारख्या शब्दानंतर थोडी जागाही सोडा, नाहीतर तो वेलांटीत मिसळतो.

होर्डिंग. अजिंठा चौफुलीवरून गाडीवर जाणाऱ्या माणसाला तळाची ओळ दिसणं शक्यच नाही. होर्डिंगवर अट लागणारा दावा घेऊच नका. दुकानाचं नाव, माल आणि पत्ता पुरे.

व्हॉट्सॲप. अर्ध्या पानाचं डिझाइन तसंच फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं आणि अटींचा धूर होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर स्पष्टता राहते, पण लोक पुढे फोटो म्हणूनच ढकलतात. म्हणून मोबाइलसाठी मी वेगळं चौकोनी डिझाइन करतो. त्यात एकच ऑफर, तिची अट लगेच तिच्या खाली, आणि स्टार एकही नाही.