सपोर्ट तिकिटांच्या एक्सपोर्टमधून उत्तराचा वेग आणि वारंवार येणाऱ्या तक्रारी कशा शोधाव्यात

मॅनेजर साधारणपणे दोन गोष्टी विचारतात. आपली उत्तरं पूर्वीपेक्षा उशिरा जातायत का, आणि लोक सारखे कशासाठी लिहितायत? दोन्हींची उत्तरं एकाच फाइलमध्ये असतात, आणि ती एकत्रच काढावी लागतात. उत्तराचा वेग घसरलेला दिसला की दोष पहिल्यांदा टीमवर जातो. पण कधीकधी टीम होती तेवढ्याच वेगाने काम करत असते, फक्त वेळखाऊ प्रकारची तिकिटं वाढलेली असतात. हा फरक दाखवल्याशिवाय रिपोर्ट पुढे पाठवणं सपोर्टला बसलेल्या माणसांवर अन्याय आहे. तो फरक कसा काढायचा ते इथे सांगतो. एक्सेल किंवा गुगल शीट्स पुरेसं आहे.

पहिल्या उत्तराची वेळ खरी आहे का ते बघा

एक्सपोर्ट घेतल्यावर मूळ शीटला `raw` नाव द्या आणि त्याला पुन्हा हात लावू नका. काम दुसऱ्या शीटवर करा. ग्राहकांची नावं, ईमेल आणि फोन नंबर त्या शीटवर आणूच नका. हिशोबाला ते लागत नाहीत.

आता पहिल्या उत्तराच्या रकान्याकडे नीट बघा. तिकीट येताच सिस्टीम स्वतःहून "तुमची तक्रार मिळाली" असा निरोप पाठवत असेल, तर काही एक्सपोर्टमध्ये तोच पहिलं उत्तर म्हणून नोंदलेला असतो. हे ओळखायला सोपं आहे. रात्री तीनला आलेल्या तिकिटांनासुद्धा मिनिटाभरात उत्तर गेलेलं दिसत असेल, तर ते माणसाने दिलेलं नाही. अशा वेळी सगळ्या उत्तरांचं वेगळं एक्सपोर्ट मागवा आणि त्यातलं एजंटचं सर्वांत आधीचं उत्तर घ्या. त्या शीटचं नाव `replies` असेल, आणि त्यात तिकीट क्रमांक, उत्तराची वेळ व लिहिणारा कोण असे तीन रकाने असतील, तर:

```
=MINIFS(replies!B:B,replies!A:A,A2,replies!C:C,"agent")
```

टीममधल्या टीममध्ये लिहिलेल्या अंतर्गत नोंदी आधीच वगळा, कारण ग्राहकाला त्या दिसत नाहीत. आणखी एक खाचखळगा आहे. एजंटने अजून उत्तरच दिलेलं नसेल तर हे सूत्र रिकामा सेल देत नाही, 0 देतं. तो शून्य तसाच राहिला तर पुढे वेळ लाखो तास उणे येते. म्हणून शून्य असलेले सेल रिकामे करून घ्या.

तारखांचीही हीच गत. `2025-03-07T12:10:00Z` अशी तारीख बहुधा नुसता मजकूर म्हणून येते आणि सेलच्या डाव्या कडेला चिकटलेली दिसते. शेवटचा `Z` सांगतो की वेळ यूटीसीमधली आहे. तुमचं घड्याळ यूटीसीच्या जितके तास पुढे असेल तो आकडा `K3` मध्ये लिहा (साडेपाच तास असतील तर 5.5) आणि तारीख अशी बदलून घ्या:

```
=IF(raw!B2="","",DATEVALUE(LEFT(raw!B2,10))+TIMEVALUE(MID(raw!B2,12,8))+$K$3/24)
```

`replies` मधल्या वेळाही `MINIFS` चालवण्याआधी अशाच बदलून घ्या, नाहीतर ते मजकूर धरतच नाही आणि सगळीकडे 0 येतो. माझ्या शीटमध्ये `A` रकान्यात तिकीट क्रमांक, `B` मध्ये तिकीट आल्याची वेळ आणि `C` मध्ये पहिल्या उत्तराची वेळ असते. दोन्ही एकाच घड्याळात आल्या आहेत ना, हे पाच-सहा तिकिटं सिस्टीममध्ये उघडून ताडून बघा.

कामाचे तास मोजा

शुक्रवारी संध्याकाळी ५:४० ला आलेल्या तिकिटाला सोमवारी सकाळी ९:२० ला उत्तर गेलं. घड्याळाने मोजलं तर ६३ तास ४० मिनिटं झाली. टीम सोमवार ते शुक्रवार, ९ ते ६ काम करत असेल तर खरा वेळ फक्त ४० मिनिटांचा आहे. सुट्ट्यांचा आठवडा आला की आलेख उगाच उसळतो तो यामुळेच. `K1` मध्ये 9:00 आणि `K2` मध्ये 18:00 लिहा, आणि `D` रकान्यात हे सूत्र घाला:

```
=IF(C2="","",24*((NETWORKDAYS(B2,C2)-1)*($K$2-$K$1)
+IF(NETWORKDAYS(C2,C2),MEDIAN(MOD(C2,1),$K$1,$K$2),$K$2)
-MEDIAN(NETWORKDAYS(B2,B2)*MOD(B2,1),$K$1,$K$2)))
```

सूत्र लांब आहे, पण वरच्या शुक्रवारच्या तिकिटावर चालवून बघा: ०.६७ आलं पाहिजे, म्हणजे ४० मिनिटं. सणासुदीच्या सुट्ट्या वगळायच्या असतील तर त्यांची यादी प्रत्येक `NETWORKDAYS` ला तिसरा भाग म्हणून द्या. टीम चोवीस तास चालत असेल तर हे काहीच नको, सरळ वजाबाकी करा.

आठवडा तिकीट आल्याच्या तारखेवरून ठरवा

`E` मध्ये त्या आठवड्याचा सोमवार काढा:

```
=INT(B2)-WEEKDAY(B2,3)
```

सरासरी घेऊ नका. आठवडाभर विसरलेली दोन-तीन तिकिटं सरासरीला ओढून नेतात. मध्यक, म्हणजे मीडियन, वापरा. पण मध्यकातही एक फसगत आहे, आणि ती मला सर्वांत धोक्याची वाटते. ज्यांना अजून उत्तरच गेलेलं नाही ती तिकिटं मध्यकात धरलीच जात नाहीत. परवा आलेल्या तिकिटांपैकी आज फक्त झटपट उत्तर मिळालेलीच मोजली जातात. त्यामुळे शेवटचा आठवडा नेहमीच छान दिसतो, आणि लोक "सुधारणा होतेय" म्हणून मोकळे होतात.

यावर उपाय म्हणून मध्यकाच्या जोडीला दुसरा आकडा ठेवा: आलेल्या सगळ्या तिकिटांपैकी किती टक्क्यांना ठरलेल्या वेळेत उत्तर गेलं. समजा, तुमची मर्यादा ८ कामाचे तास आहे. `F` मध्ये:

```
=IF(D2="",0,IF(D2<=8,1,0))
```

उत्तर न मिळालेलं तिकीट इथे शून्य म्हणून मोजलं जातं, गायब होत नाही. ज्या तिकिटांना येऊन अजून ८ कामाचे तासच झाले नाहीत ती मात्र वगळा, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. मग पिव्हट टेबलमध्ये आठवडा ओळीत ठेवा आणि `F` ची सरासरी घ्या.

प्रकार ठरवण्याआधी तिकिटं वाचा

एजंटने निवडलेल्या प्रकारावर डोळे झाकून विसंबू नका. "इतर" सर्वांत मोठा असेल, किंवा यादीतला पहिलाच पर्याय संशयास्पद मोठा असेल, तर घाईत जो हाताशी आला तो निवडला गेलाय असं समजा. यात एजंटचा दोष नाही. तिकीट बंद करायला तो रकाना भरावाच लागतो, आणि यादीत योग्य पर्यायच नसतो.

`RAND()` चा रकाना टाकून त्यावर क्रम लावा आणि वरची १५० तिकिटं वाचायला घ्या. विषय आणि ग्राहकाचा पहिला निरोप एवढंच वाचा, आणि प्रत्येकासमोर ग्राहकाला काय हवं होतं ते त्याच्याच शब्दांत लिहा: "पैसे परत कधी येणार", "ओटीपी येत नाही", "बिलावर नाव चुकलंय". कारण लिहू नका. "सर्व्हर बंद" हे कारण झालं, आणि ते पहिल्या निरोपातून कळतही नाही. सगळं वाचून झालं की सारख्या ओळी एकत्र करा. आठ-दहा गट पुरतात. प्रत्येक गटाची व्याख्या एका वाक्यात लिहा आणि कुंपणावरचं तिकीट कुठे टाकायचं तेही लिहून ठेवा. मग त्यातली ३० तिकिटं दुसऱ्या कुणाला तरी, तुमची उत्तरं न दाखवता, वर्गवार लावायला द्या. पाच-सहापेक्षा जास्त ठिकाणी मतभेद झाले तर व्याख्या संदिग्ध आहेत, त्या सुधारा.

१५० पैकी ३० तिकिटं एका गटात आली तर वाटा २० टक्के. पण नमुना लहान आहे, खरा वाटा साधारण १४ ते २६ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणून १८ टक्के आणि २१ टक्के असलेल्या गटांत पहिला-दुसरा नंबर लावत बसू नका.

बाकीच्या तिकिटांना विषयातल्या शब्दांवरून `SEARCH` ने प्रकार लावता येतो. लोक एकच शब्द चार तऱ्हेने लिहितात, तेव्हा वाचताना दिसलेली सगळी रूपं घ्या आणि लागलेल्यांपैकी ४० हाताने तपासा. हा प्रकार `G` मध्ये ठेवा.

आता दोन्ही एकत्र आणा

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन महिने, दोन्हींत ६०० तिकिटं. पहिल्या महिन्यात ८ तासांच्या आत उत्तर ५१० ना, म्हणजे ८५ टक्क्यांना. दुसऱ्यात ४५५ ना, म्हणजे ७६ टक्क्यांना. नऊ टक्क्यांची घसरण. आता प्रकारानुसार फोडा:

| प्रकार | पहिला महिना: आलेली / वेळेत | दुसरा महिना: आलेली / वेळेत |
|---|---|---|
| लॉगिन | ४०० / ३८० | ३०० / २८५ |
| पैसे परत | १०० / ४० | २०० / ८० |
| बाकी | १०० / ९० | १०० / ९० |

लॉगिनला दोन्ही महिने ९५ टक्के, पैसे परतला ४०, बाकीला ९०. एकाही प्रकारात टीम मागे पडलेली नाही. पैसे परतची तिकिटं दुप्पट झाली, एवढंच घडलं. खात्री करायची तर दुसऱ्या महिन्याचे टक्के पहिल्या महिन्याच्या संख्यांना लावा: ३८० + ४० + ९० = ५१०. पुन्हा ८५ टक्केच. या बेरजेत ४९० आले असते, तर नऊपैकी तीनेक टक्के खरोखर वेग मंदावल्यामुळे गेले असं म्हणावं लागलं असतं.

पण पैसे परतची तिकिटं वाढली का, हे टेबल सांगत नाही. त्या २०० पैकी ५० पुन्हा वाचायची. समजा, ३४ जण विचारतायत की मंजूर झालेले पैसे खात्यात कधी जमा होणार, आणि एजंट हिशोब विभागाकडून तारीख कळेपर्यंत उत्तर लिहीत नाहीयेत. म्हणजे हा प्रकार वाढण्याचं आणि त्याला उशीर होण्याचं मूळ एकाच ठिकाणी आहे.

मॅनेजरला एक पान द्या: आठवड्याचा आलेख, वरचं टेबल, नावं काढलेली दोन-तीन खरी तिकिटं, आणि वर एवढा मजकूर:

"८ तासांच्या आत उत्तर मिळालेली तिकिटं ८५ वरून ७६ टक्क्यांवर आली. कोणत्याही प्रकारात टीमचा वेग कमी झालेला नाही. पैसे परतची तिकिटं १०० वरून २०० झाली. वाचलेल्या ५० पैकी ३४ जण मंजूर झालेले पैसे जमा होण्याची तारीख विचारत होते. मंजुरीच्या मेसेजमध्येच तारीख घालता येईल का, हे हिशोब विभागाला विचारावं. ती घातल्यापासून चार आठवड्यांनी याच सूत्रांवर पैसे परतची संख्या पुन्हा मोजेन."