लिपिड प्रोफाइलची तयारी: उपाशी कधी, जेवून कधी

आधी चिठ्ठी नीट वाचा. डॉक्टरांनी नुसतं 'लिपिड प्रोफाइल', म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची आणि चरबीची तपासणी, लिहिलंय की शेजारी उपाशीपोटी साखरही आहे, हे बघितल्याशिवाय रात्रीच्या जेवणाचा विचार करू नका. साखर असेल तर चर्चाच नको, किमान आठ तास उपाशी राहायचं आहे. लिपिड एकटंच असेल तर बहुतेकांना उपाशी राहायची गरज नसते. हे लॅबमधले सांगणार नाहीत. ते सवयीने सगळ्यांना "बारा तास काही खाऊ नका" सांगून मोकळे होतात. म्हणून आदल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून विचारा: उपाशी हवं की चालेल? कुठल्याही उत्तराने बिघडत नाही. बिघडतं ते तुम्ही खाल्लंय की नाही हे कुणालाच माहीत नसलं की. तेव्हा पहिली सूचना, आणि ही पुन्हा येणार आहे: शेवटचं कधी आणि काय खाल्लं ते लिहून ठेवा. मागच्या वेळी आमच्याकडे नेमकं हेच राहिलं.

बाबांचं रक्त न्यायला घरी मुलगा आला तो दहाला, ठरलं होतं सातला. तोवर बाबांनी कंटाळून श्रीखंड-पुरी खाल्ली होती (आदल्या दिवशीचा पाडवा), आणि मला ते माहीत असूनही मी बोललो नाही. त्या मुलाने सवयीने फॉर्मवर 'फास्टिंग'ला टिक केली. रिपोर्ट आला: एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल ४२, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी ३१०, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल १०८. काही आठवड्यांनी खरोखर उपाशीपोटी केला तेव्हा: एकूण २१६, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड २०५, एलडीएल १३३. पहिल्या कागदावर विसंबून ट्रायग्लिसराइडवर गोळी सुरू होण्याची वेळ आली होती, आणि एलडीएल बरंच बरं दिसत होतं. दोन्ही चित्रं चुकीची, ती एका खोट्या टिकमुळे.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे यादीतलं काय महत्त्वाचं आणि काय फुकटचं ते आपोआप कळेल. जेवणातला स्निग्धांश आतड्यात कायलोमायक्रॉन नावाच्या मोठाल्या कणांत भरला जातो आणि रक्तात येतो. या कणांत जवळपास सगळं ट्रायग्लिसराइडच असतं, कोलेस्टेरॉल नावापुरतं. जेवणानंतर तीन-चार तासांनी त्यांचा भर असतो आणि दहा-बारा तासांत निरोगी माणसाच्या रक्तातून ते जवळपास निघून जातात. बारा तासांचा नियम आला तो इथून. म्हणजे जेवणाने सगळ्यात जास्त हलतं ते ट्रायग्लिसराइड. एकूण कोलेस्टेरॉल थोडंसंच हलतं, एचडीएल जवळपास नाहीच.

मग एलडीएल का बदललं? कारण बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र अजूनही चालतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. तो पाचवा भाग म्हणजे व्हीएलडीएल नावाच्या कणांतल्या कोलेस्टेरॉलचा अंदाज. उपाशी माणसाच्या रक्तात हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. पण जेवणातले कायलोमायक्रॉन त्यात मिसळले की सूत्राला ते व्हीएलडीएलच वाटतात, ते गरजेपेक्षा जास्त वजा करतं आणि एलडीएल कमी दाखवतं. बाबांच्या आकड्यांवर करून बघा: २१२ वजा ४२ वजा ६२, म्हणजे १०८. दुसऱ्या वेळी २१६ वजा ४२ वजा ४१, म्हणजे १३३. फरकाचा मोठा भाग त्या पाचव्या भागातूनच आलाय. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र वापरतच नाहीत.

आता दुसरी वजाबाकी करा. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल काढा: पहिल्या वेळी १७०, दुसऱ्या वेळी १७४. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. धमन्यांना त्रास देणारे सगळे कण त्यात येतात आणि जेवणाने ते फारसं हलत नाही. रिपोर्टमध्ये छापलं नसेल तर पेनाने स्वतः काढा. जेवून दिलेल्या नमुन्यात आधी हेच बघायचं.

बाबांचं ट्रायग्लिसराइड मुळातच चढं आणि पोटात श्रीखंड, म्हणून फरक इतका दिसला. नेहमीच्या जेवणाने सरासरी फरक किरकोळ असतो: मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांत ट्रायग्लिसराइड साधारण २६ ने वाढलेलं आणि एलडीएल ८ ने कमी दिसलं, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. म्हणूनच डेन्मार्कमध्ये २००९ पासून उपाशी न राहता दिलेला नमुनाच नेहमीचा धरतात, युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी २०१६ मध्ये तशी शिफारस केली आणि आपल्याकडे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही जेवून घेतलेला नमुना धोका मोजायला चालतो. आणखी एक साधी गोष्ट आहे. माणूस दिवसातला बराचसा वेळ खाल्लेल्या अवस्थेतच असतो, त्यामुळे तो नमुना त्याच्या नेहमीच्या रक्ताच्या जवळचा असतो.

तर जेवून चालेल कुणाला: पहिल्यांदाच तपासणी करणाऱ्याला, हृदयविकाराचा धोका किती ते ठरवायचंय त्याला, आणि ट्रायग्लिसराइड बरं असलेल्या, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी घेणाऱ्या माणसाला नेहमीच्या पाहणीसाठी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला तर विनाकारण उपाशी ठेवूच नका. सकाळी साखर खाली जाऊन लॅबच्या खुर्चीतच घाम फुटतो, मग बिस्किटाचा पुडा शोधत फिरा. त्याला साखरेसाठी उपाशी राहायचंच असेल तर सकाळच्या औषधाचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, स्वतः ठरवू नका.

उपाशी राहायलाच हवं ते असं: जेवून केलेल्या नमुन्यात ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तर परत, या वेळी उपाशी. घरात कुणाचं ट्रायग्लिसराइड हजाराच्या घरात गेलं होतं, किंवा त्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे, तर उपाशी. ट्रायग्लिसराइडवरच उपचार चालू असतील तर उपाशी. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन सुरू करणार असाल तर तेही विचारा, त्या गोळीने ट्रायग्लिसराइड चढतं आणि आधीचा नीट आकडा हवा. उपचाराने एलडीएल ७० च्या खाली आलंय, ट्रायग्लिसराइड चढं आहे आणि औषध बदलायचा निर्णय त्या आकड्यावर आहे, तेव्हाही सूत्रावर फार भरवसा ठेवू नका, उपाशी करा किंवा थेट मोजलेलं एलडीएल मागा.

आदल्या आठवड्यात: ताप, जुलाब, मोठं आजारपण नुकतंच झालं असेल तर चाचणी काही आठवडे पुढे ढकला. आजारात कोलेस्टेरॉल खाली येतं आणि सगळं छान आहे असं वाटतं. खाणं मुद्दाम सुधारू नका, नेहमीचंच खा. चार दिवस वाफवलेल्या भाज्या खाऊन लॅबला फसवता येतं, डॉक्टर मात्र चुकीचा निर्णय घेतील.

आदल्या संध्याकाळी दारू नको. हे उपाशी राहून भरून निघत नाही, कारण हे ट्रायग्लिसराइड जेवणातून नाही, यकृतातून येतं आणि रात्र उलटली म्हणून जातंच असं नाही. दोन-तीन दिवस न घेतलेली बरी.

उपाशी राहणार असाल तर रात्री आठ-साडेआठला साधं जेवण, मग फक्त पाणी. पाणी नीट प्या, शिरा सापडतात. सकाळचा चहा नाही, "फक्त अर्धा कप" पण नाही, त्यात दूध-साखर असते. एकादशीचं निमित्त साधून चाचणी करायला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो: साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, तुपातले बटाटे उपासाला चालतात, लॅबला नाही. आमच्या मावशीने "माझा उपास आहे" असं ठामपणे सांगून रक्त दिलं होतं, खिचडी खाऊन. बारा तास पुरे. सोळा-अठरा तास काढले तर आकडा जास्त खरा येईल, हा गैरसमज आहे.

आणि आता, तेच. शेवटचं खाणं किती वाजता, काय होतं. कागदाच्या तुकड्यावर लिहा. रक्त घेणाऱ्याला तोंडाने सांगा, फॉर्मवर त्याच्याकडून लिहून घ्या, आणि 'फास्टिंग'च्या टिकेकडे स्वतः बघा. खाल्लं असेल तर "खाल्लंय" म्हणायला लाजू नका. रिपोर्टवर 'नॉन-फास्टिंग' असं आलं की काही बिघडत नाही, डॉक्टर त्या हिशेबाने वाचतात. उपाशी म्हणून छापलेला जेवणाचा रिपोर्ट मात्र कुणालाच वाचता येत नाही. तो मुलगा घाईत असतो, पुढची चार घरं बाकी असतात, तरी अडवा.

सुई टोचण्याआधी पाच-दहा मिनिटं बसा. धावत जिना चढून लगेच हात पुढे करू नका. पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर रक्तातलं पाणी बाहेर सरकतं आणि आकडे थोडे वर जातात, सैल करायला सांगा. रक्तदाबाची गोळी नेहमीसारखी, पाण्यासोबत, डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर. स्टॅटिनही बंद करू नका.

रिपोर्ट आल्यावर: वेळ आणि टिक तपासा, मग नॉन-एचडीएल. एलडीएलसमोर 'कॅल्क्युलेटेड' लिहिलंय का 'डायरेक्ट', ते बघा. 'लायपेमिक' शेरा असेल तर रक्त दुधाळ होतं, परत करावं लागेल. स्टॅटिन सुरू केलं किंवा मात्रा बदलली तर पुढची चाचणी चार ते बारा आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये. जुना रिपोर्ट सोबत न्या.