‘एक छोटासा व्हिडिओ करायचाय, स्क्रिप्ट लिहून दे’ म्हटल्यावर

बागायतदार ओळखीचा असला की निरोप असाच येतो: “हापूसवर छोटासा व्हिडिओ करायचाय, स्क्रिप्ट टाक.” कुठे दाखवणार, किती वेळाचा, बोलणार कोण, सांगायचं काय, यातलं काहीच नाही. अशा वेळी लगेच लिहायला बसलात तर कोकणची लाल माती, पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा असलं कुठल्याही बागेला लागू पडणारं काहीतरी लिहून होतं. आणि वीस प्रश्नांची यादी पाठवलीत तर उत्तरच येत नाही.

आधी फोन करा आणि एकच विचारा: “गिऱ्हाईक तुम्हाला सारखं काय विचारतं?” “संदेश काय हवा?” या प्रश्नावर माणूस गडबडतो, गिऱ्हाइकाबद्दल विचारलं की मात्र भडाभडा बोलतो. समजा उत्तर आलं, “पेटी पोचली की फोन येतो, आंबा कच्चाच पाठवलात म्हणून.” झालं, मुद्दा सापडला. बघणाराही ठरला: ज्याच्या हातात पेटी आली आहे तो.

बाकीचं तुम्हीच ठरवा आणि दोन ओळींत कळवा: “व्हॉट्सअ‍ॅपवर पेटीसोबत पाठवायचा, उभा, 30 सेकंदांच्या आत, बोलणार तुम्ही स्वतः, असं धरून लिहितो. वेगळं असेल तर आज सांगा.” कोऱ्या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा समोरचं खोडणं लोकांना सोपं जातं. बोलणारा कोण हे मात्र होकार आल्याशिवाय पक्कं धरू नका. बागायतदाराच्या तोंडी “आम्ही काढतो” शोभतं, भाड्याच्या निवेदकाच्या तोंडी नाही.

आता लिहा. कागदाचे दोन भाग करा, डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. उजवी बाजू अशी होईल:

“पेटी उघडलीत, आंबा हिरवा दिसला? घाबरू नका. आम्ही तो मुद्दाम कडक असताना काढतो, म्हणजे प्रवासात दबत नाही. पेटीतून काढा, पेंढ्यावर एकेक सुटा मांडा. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो नीट पिकत नाही. रोज हात लावून बघा. वास सुटला, देठाजवळ थोडा मऊ लागला, की कापा.”

हे चाळीसेक शब्द सावकाश बोलले तर पंचवीसेक सेकंद घेतात. मनात वाचून वेळ मोजू नका, नेहमी कमीच भरतो. मोबाईलवर घड्याळ लावून मोठ्याने वाचा. डावीकडे “पेंढा” म्हणताना पेंढाच दिसू दे, बागेचा ड्रोन शॉट नको. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून “फ्रिजमध्ये ठेवू नका” पडद्यावर मोठ्या अक्षरांतही द्या.

मसुदा गेला की हमखास उत्तर येतं: “मस्त! फक्त भाव, जीआय मानांकन आणि काजूचंही टाक.” तेव्हा विचारा, यातलं काय काढून ते घालू? भाव दर आठवड्याला बदलतो, तो व्हिडिओत गेला की व्हिडिओ शिळा. तो मेसेजमध्येच लिहायला सांगा. काजूचा व्हिडिओ वेगळा, आणि त्याचे पैसेही वेगळे.