बेस्टमनसाठी चिठ्ठी : जपून ठेवावी अशी कशी लिहायची

माझ्या धाकट्या भावाचं लग्न जानेवारीत वसईच्या आमच्या चर्चमध्ये झालं. बेस्टमन म्हणून त्याला कॉलेजातला मित्र हवा होता. हा मित्र विरारचा, हिंदू, आणि चर्चमध्ये तो नाताळचा गोठा बघायलाच काय तो आलेला. भावाने त्याच्यासाठी जे लिहिलं ते आधी मला दाखवलं. मोबाइलवरच्या चार ओळी होत्या : 'तू माझा सगळ्यात जवळचा मित्र. तुझ्याशिवाय लग्न अपूर्ण. बेस्टमन होशील ना?' मग दोन हृदयं. यात खोटं काहीच नव्हतं, पण हाच मजकूर कुणीही कुणालाही पाठवू शकला असता. पुढे आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून जे केलं, ते क्रमाने सांगते. मेड ऑफ ऑनरसाठी लिहिणाऱ्या मुलींनाही ते तसंच लागू पडेल.

आधी फादरना विचारा

लिहायला बसण्याआधी चर्चच्या ऑफिसात एक फेरी मारून या. कॅथलिक चर्चच्या कायद्यात (कॅनन 1108) विवाह वैध ठरण्यासाठी धर्मगुरू आणि दोन साक्षीदार समोर असावे लागतात. बहुतेक लग्नांत या साक्षीच्या सह्या बेस्टमन आणि मेड ऑफ ऑनर करतात. साक्षीदार कॅथलिकच असावा अशी त्यात अट नाही. समोर काय घडतंय हे समजणारा आणि ते पुढे सांगू शकणारा माणूस चालतो. आमच्या फादरनीही तेच सांगितलं. मित्र शेजारी उभा राहील, अंगठ्या देईल, सही करेल, फक्त कम्युनियन घेणार नाही. ओळखपत्राची प्रत आधी द्यायला सांगितली. तुमच्या धर्मग्रामात आणखी काही मागत असतील, म्हणून स्वतः विचारलेलं बरं. आधी मित्राला विचारायचं आणि मग 'फादर नाही म्हणाले' असं कळवायचं, ही वेळ दोघांनाही नको.

घरातही एकदा बोलून घ्या. आपल्याकडे करवली नात्यावरून ठरते, म्हणून घरच्यांना वाटतं की मेड ऑफ ऑनरही बहीणच होणार. नवरीने मैत्रिणीला चिठ्ठी दिली आणि चुलतबहिणीला ते तिसऱ्याकडून कळलं, तर तो राग मैत्रिणीवर निघतो. बहिणीला अगोदर स्वतः सांगा, आणि तिच्यासाठी दुसरं खरं काम ठेवा, मिस्सामधलं वाचन किंवा अर्पणाची मिरवणूक.

एकच प्रसंग शोधा

इथेच आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. मी भावाला विचारलं, 'तो न बोलावता कधी आला होता?' त्याने सहलींची नावं घेतली, परीक्षेची रात्र सांगितली. ते सगळं मित्रालाही आठवत असणार. मग बऱ्याच वेळाने तो म्हणाला, 'पप्पांचं इन्सुलिन.'

जुलै 2018 च्या पावसात वसई-नालासोपारा पाण्यात होतं आणि लोकल बंद पडल्या होत्या. घरी पप्पांचं इन्सुलिन संपत आलं होतं. हा मुलगा विरारहून चालत निघाला, स्टीलच्या थर्मासमध्ये बर्फ आणि त्यात औषधाची बाटली घेऊन. चार तासांनी दारात उभा राहिला, थर्मास दिला, चहासुद्धा न पिता परत गेला. भावाने तो थर्मास आजवर परत केलेला नव्हता.

प्रसंग निवडताना तीन गोष्टी तपासा. त्यात मित्राने काहीतरी केलेलं असावं, नुसते दोघं एकत्र असणं पुरत नाही. हात लावता येईल अशी एखादी वस्तू असावी, थर्माससारखी. आणि तुमच्या लक्षात काय राहिलं हे मित्राला ठाऊक नसलं तर फारच उत्तम. त्या मुलाला आपण चाललो हे आठवत असेल; पण भाऊ खिडकीतून तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बघत होता, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. चिठ्ठी जपून ठेवली जाते ती अशा एखाद्या ओळीसाठी.

दोघांनाच कळणारी टोपणनावं आणि खुणेचे शब्द मात्र जपून वापरा. वीस वर्षांनी कागद उघडल्यावर 'तो त्या दिवशीचा राडा' म्हणजे कोणता, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. जागा आणि साल लिहाच.

दोन कागद करा

या लेखातलं एवढं एक तरी घ्या. मनातलं आणि विचारायचं ते पहिल्या कागदावर, व्यवहाराचं सगळं दुसऱ्यावर. भावाने आधी दोन्ही एकत्र लिहिलं होतं. थर्मासच्या गोष्टीखाली सुटाचं माप, खाली हॉलचा पत्ता, आणि शेवटी 'जमत नसेल तर सांग'. वाचताना प्रत्येक ओळ मागच्या ओळीला पुसून टाकत होती. तारखा आणि खर्च लग्नानंतर शिळे होतात, आणि 'जमत नसेल तर' हे वाक्य जपायच्या कागदावर कायमचं राहून जातं.

शेवटी पहिला कागद असा झाला :

'(टोपणनाव मी गाळते),

जुलै 2018 मध्ये तू विरारहून चालत आमच्या वसईच्या घरी आलास. थर्मासमध्ये पप्पांचं इन्सुलिन होतं. तू चहा घेतला नाहीस, पाणी वाढतंय म्हणालास. तू गेल्यावर मी खिडकीत उभा होतो. गल्लीच्या टोकाला तू पँट आणखी वर दुमडलीस आणि वळलास. पप्पा आत झोपले होते. त्या दिवशी मी तुला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर रडलो असतो.

जानेवारीत माझं लग्न आहे. वेदीसमोर माझ्या उजव्या बाजूला एक माणूस उभा असतो आणि नंतर तो साक्षीदार म्हणून सही करतो. तिथे तू असावास असं मला वाटतं. माझा बेस्टमन होशील का?

थर्मास माझ्याकडेच आहे.'

खाली पूर्ण तारीख आणि मित्र ज्या नावाने हाक मारतो ते नाव. लिहून झाल्यावर आम्ही एक परीक्षा घेतली : मित्र नाही म्हणाला, तरी हा कागद खरा राहतो का? 'तुझ्याशिवाय लग्न अपूर्ण' हे नकारानंतर खोटं पडतं, आणि नकार देणाऱ्याच्या मानेवर ओझं होऊन बसतं. थर्मासची गोष्ट तशी पडत नाही. 'माझ्या सख्ख्या भावापेक्षा तू जवळचा' अशी तुलनाही काढून टाका. जपलेले कागद कधी ना कधी तिसऱ्याच्या हाती पडतात.

विचारायचं वाक्य प्रश्न म्हणूनच लिहा, प्रश्नचिन्हासकट. 'तू असशीलच' असं लिहिलं की मित्राला होकार द्यायची जागाच उरत नाही, आणि पुष्कळदा तो उत्तरच देत नाही.

दुसऱ्या कागदावर काय

ज्याने हे लग्न आधी पाहिलेलं नाही, त्याला सगळं सोप्या शब्दांत सांगा. लग्नाची तारीख आणि वेळ, आदल्या दिवशीची चर्चमधली तालीम, अंगठ्या कोणत्या खिशात ठेवायच्या, सही कुठे आणि कधी करायची. रिसेप्शनला हॉलमध्ये नाचत जाण्याची मिरवणूक असेल तर तेही. इंग्रजी सिनेमे पाहून बहुतेकांना वाटतं की बेस्टमनला भाषण करावंच लागतं. वसई-गोव्याच्या अनेक लग्नांत टोस्ट घरातले कुणी वडीलधारे किंवा गॉडफादर देतात. आमच्याकडे मामांनी दिला. भावाने लिहिलं, 'बोलायचं नाही, फक्त ग्लास उचलायचा', आणि त्या मुलाची निम्मी काळजी तिथेच मिटली, असं तो नंतर म्हणाला.

पैशांचं स्पष्ट लिहा. सूट कोण शिवणार, बूट कोणाचे, यायचा-जायचा खर्च कोणाचा. पद्धत घरोघरी वेगळी असते, आणि मित्र संकोचाने विचारत नाही. मैत्रिणीच्या बाबतीत गाऊन, मेकअप आणि केस हे तिन्ही लिहा, कारण नंतर कुरबूर बहुधा मेकअपच्या पैशांवरून होते. आम्ही लिहिलं, 'सूट आमच्याकडून, बूट तुझे काळे चालतील.'

आणि याच कागदावर सुटकेची वाट : 'रजा, घरचं, काहीही असो, नाही म्हणालास तर कारण नको. आठवड्याभरात फोन कर.' मुदत द्यावीच. नाहीतर मित्र ताटकळतो आणि तुम्हीही. पाच-सहा महिने आधी दिलं तर शिंप्यालाही वेळ मिळतो. वर्षभर आधी विचारलं तर मधल्या काळात नोकऱ्या आणि गावं बदलतात.

कागद आणि शाई

आमच्या किनाऱ्यावर चार महिने कपाटातले कपडेसुद्धा दमट असतात, म्हणून हे महत्त्वाचं. वहीचं साधं पान लवकर पिवळं पडतं. स्टेशनरीच्या दुकानात बॉण्ड पेपर मागा. फाउंटन पेनची शाई ओल लागली की बहुतेक वेळा पसरते, काही जेल पेनांचीही. साधं बॉलपेन यात भरवशाचं. खात्री करायची तर रद्दी कागदावर एक ओळ लिहा, तासभर वाळू द्या आणि ओलं बोट फिरवा. अक्षर फिसकटलं तर पेन बदला. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही, आणि सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून डाग धरते. चिठ्ठी एकच घडी मारून पाकिटात घाला. स्वतःसाठी फोटो काढून ठेवा.

मित्र दुबईत किंवा लंडनला असेल, तर कागद पोस्टाने पाठवा आणि पाकीट पोचेपर्यंत फोनवर विषय काढू नका. व्हॉट्सअॅपच पाठवायचं असेल, तर त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू नाही ना, हे बघा. ती 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांवर लावता येते, आणि आपण ती कधी लावली हे लोक विसरतात. मजकूर मेसेजात टाइप करण्याऐवजी हाताने लिहून त्याचा फोटो पाठवला, तर निदान अक्षर तरी पोचतं.

देताना

ग्रुपमध्ये नको, इतर मित्रांसमोर नको, समोर कॅमेरा धरून तर नकोच. पाहणारे असले की 'हो' आपोआप निघतं, आणि त्या 'हो'चा अर्थ दोन आठवड्यांनी कळतो. भावाने विरार स्टेशनबाहेर पाकीट दिलं आणि 'घरी जाऊन वाच' म्हणून आलेली लोकल पकडली.

त्याच रात्री साडेअकराला फोन आला. त्या मुलाने बाकी काहीच विचारलं नाही, फक्त एवढंच, की रजिस्टरात सही मराठीत केली तर चालेल का. आणि आमचा थर्मास लग्नाच्या दिवशी परत कर, म्हणाला, आई सारखी विचारते.