सबमिशनच्या आदल्या रात्री गायब झालेला फोटो

आमचा प्रोजेक्ट सोलापुरी चादरीवर होता. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी जकार्ड मागाच्या भोकं पाडलेल्या पट्ट्यांचा फोटो काढला होता. चादरीवरची नक्षी त्या भोकांवरून ठरते, त्यामुळे अख्खं एक प्रकरण त्या फोटोवर उभं होतं. आदल्या रात्री ग्रुपवर प्रश्न आला, "अल्बममधला फोटो कुठंय?"

दुपारी मोबाईल भरला म्हणून मी गुगल फोटोजमधूनच फोटो डिलीट केले होते. बॅकअप चालू असताना तिथून काढलेला फोटो क्लाउडमधून आणि शेअर केलेल्या अल्बममधूनही जातो. फक्त मोबाईलमधली जागा मोकळी करायची तर Free up space वापरायला हवं होतं.

आधी नुसतं "सॉरी यार" टाइप केलं, पण ते पुसलं. रात्रभर जागणाऱ्यांना त्यातून काहीच कळलं नसतं. मग लिहिलं:

"फोटो माझ्या हातून डिलीट झालाय, चूक माझीच. तुमच्यापैकी कुणी काही केलेलं नाही. Bin बघतोय, दहा मिनिटांत सांगतो. नाही मिळाला तर सकाळी सातला कारखान्यात जाऊन परत काढतो. तोवर पान सहाची जागा रिकामी ठेवा. खरंच माफ करा."

बॅकअप झालेला फोटो Bin मध्ये 60 दिवस राहतो. तिथे तो सापडला. Restore केल्यावर अल्बममध्येही परत आला. तरी मूळ फाइल मी ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाकली, कारण साधा फोटो म्हणून पाठवला असता तर भोकं पुसट झाली असती.