सायक्लोन आणि स्क्रबर: नवीन साईट इंजिनिअरसाठी थोडं अनुभवाचं

अंबड, सातपूर नाहीतर सिन्नरच्या एमआयडीसीत पोल्युशन कंट्रोलची इक्विपमेंट बनवणाऱ्या एखाद्या छोट्या फर्ममध्ये लागलात, तर सुरुवातीला तुम्हाला डिझाईन वगैरे कोणी देत नाही, कंप्लेंटवर पाठवतात. आणि कंप्लेंट बहुतेक वेळा एकच असते, "तुमचा सायक्लोन काम करत नाही, चिमणीतून धूळ उडतेय, शेजारचा ओरडतोय." डिप्लोमा असो की केमिकल किंवा मेकॅनिकलची डिग्री, कॉलेजात सायक्लोनवर अर्धा तास शिकवलेलं असतं आणि त्यात हवा गोल फिरवून वेगळी केलेली धूळ खाली ज्या ड्रममध्ये पडते त्याबद्दल कोणी काही बोललेलं नसतं, म्हणून हे लिहितोय, कारण माझ्या बघण्यातल्या निम्म्याहून जास्त कंप्लेंटी तिथेच सुटल्यात.

आधी एक केस सांगतो. एक छोटी फाउंड्री, फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या ग्राइंडरवर धूळ ओढणारे हुड बसवलेले, त्यांचा एकच मेन डक्ट २५० एमएमचा, तो सायक्लोनला जातो, सायक्लोननंतर ब्लोअर आणि मग चिमणी. डिझाईन ताशी ३६०० घनमीटर हवेचं, म्हणजे सेकंदाला बरोबर १ घनमीटर. सायक्लोनच्या तोंडाशी वेग साधारण १५ मीटर प्रतिसेकंद धरतात, स्टेअरमंडच्या हाय एफिशियन्सी मापांप्रमाणे तोंडाची उंची व्यासाच्या निम्मी आणि रुंदी पाचवा हिस्सा, त्या हिशोबाने व्यास येतो साधारण ८२० एमएम आणि एकूण उंची व्यासाच्या चौपट म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपास. ही माप टेपने पाच मिनिटांत तपासता येतात, आणि तपासाच, कारण काही फॅब्रिकेटर पत्रा वाचवायला कोन आखूड करतात आणि नाव मात्र तेच सांगतात. इथे माप बरोबर होतं.

मग यू-ट्यूब मॅनोमीटर. महागडं काही नाही, पारदर्शक नळी, पाणी, त्यात थोडा रंग. एक टोक सायक्लोनच्या आधी, दुसरं नंतर. या मापाच्या सायक्लोनला पूर्ण हवा असेल तर दाबाचा फरक ८५ ते ९० एमएम पाण्याचा यायला पाहिजे, तिथे ४२ आला. आता हे नीट समजून घ्या, फरक हवेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे फरक निम्मा झाला तर हवा निम्मी होत नाही, साधारण ७० टक्के राहते. म्हणजे सायक्लोनच्या तोंडातून ३६०० च्या जागी २५०० च्या आसपासच हवा आत येत होती. शेठचं म्हणणं ब्लोअर कमजोर झालाय, मोठा लावून द्या. मेंटेनन्सवाल्या काकांचं म्हणणं मोटरचे फेज उलटे लागले असतील, आणि ही शंका अजिबात वेडगळ नाही हं, सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने फेकतो, फक्त कमी फेकतो, त्यामुळे चिमणीवर हात धरून काही कळत नाही, मोटर बंद करताना पंखा कुठे फिरतोय ते बाणाशी ताडून बघावं लागतं. बघितलं, दिशा बरोबर होती.

आता पिटो ट्यूबने दोन ठिकाणी हवेचं माप घेतलं, एकदा सायक्लोनच्या आधी डक्टमध्ये आणि एकदा चिमणीत. डक्टमध्ये २५००, चिमणीत जवळपास ३४००. ब्लोअर बिचारा ठीकच होता, तो हवा ओढत होता, पण ९०० घनमीटर हवा हुडातून न येता मधूनच कुठूनतरी घुसत होती. कुठून? अगरबत्ती लावा आणि फ्लॅंज, इन्स्पेक्शनचं झाकण, ड्रमचा जोड सगळीकडून फिरवा. ड्रमजवळ नेली तर धूर सरळ आत खेचला गेला. कोनाचं खालचं तोंड ३०० एमएमचं, त्याखाली ड्रम नुसता ढकलून ठेवलेला, गॅस्केट कधीच फाटून गेलेलं आणि चारी बाजूंनी करंगळीएवढी फट. एवढीशी फट काय करणार असं वाटतं, पण तिथे सक्शन दीडशे एमएम पाण्याच्या आसपास असतं, आणि ३०० एमएमच्या गोलाभोवती ९ एमएमची फट म्हणजे एकूण ८५ चौरस सेंटीमीटरचं भोक झालं, त्यातून ९०० घनमीटर आरामात येते, हिशोब करून बघा.

याने दोन नुकसान होतात आणि दोन्ही वेगवेगळी आहेत. एक, सायक्लोनमध्ये धूळ भिंतीला घासत खाली येते आणि मधोमध हवेचा उलटा भोवरा वर जातो. खालून हवा घुसली की ती सरळ या मधल्या भोवऱ्यात शिरते आणि कोनाच्या टोकाला जमलेली धूळ उचलून चिमणीत नेते, म्हणजे पकडलेली धूळ परत सोडून द्यायची. ओळखायची खूण सोपी, चिमणीतून जाड कण पडतात, पत्र्यावर हात फिरवला तर खरखर लागते, आणि ड्रम मात्र आधीसारखा भरत नाही. दोन, हुडाला हवा कमी पडते. २५० च्या डक्टमध्ये ३६०० असताना वेग २० मीटर असतो, २५०० ला तो १४ वर येतो, आणि अशी जड धूळ वाहून न्यायला १८ च्या वर लागतो, त्यामुळे आडव्या डक्टमध्ये धूळ बसायला लागते, डक्ट आतून अरुंद होतो, हवा अजून कमी होते. या फाउंड्रीत डक्टला हातोडी मारली तर मधल्या भागात भरीव आवाज येत होता. मोठा ब्लोअर लावला असता तर त्याने फटीतून अजून जास्त हवा ओढली असती आणि वीजबिल वाढलं असतं, बाकी काही नाही.

दुरुस्ती तशी स्वस्त झाली. डक्टला क्लिनिंगचं झाकण काढून आतली धूळ उपसली, ड्रमला नवीन रबर गॅस्केट आणि पकडीचे क्लॅम्प, आणि कोन व ड्रमच्या मध्ये डबल फ्लॅप व्हॉल्व्ह. हा शेवटचा खर्च शेठला पटत नव्हता, पण गॅस्केट का फाटलं ते बघा ना, ड्रम प्रत्येक शिफ्टला रिकामा करावा लागायचा आणि पोरं चालू ब्लोअरवर ड्रम ओढून काढायची, कारण मशीन थांबवली की सुपरवायझर बोलतो. डबल फ्लॅप असेल तर एक झडप कायम बंद राहते, ड्रम काढला तरी हवा घुसत नाही. रोटरी एअरलॉकपण चालतो पण फेटलिंगच्या धुळीत लोखंडाचे बारीक तुकडे असतात, ते पातीत अडकतात, म्हणून मी तिथे फ्लॅपच सुचवतो. आणि ड्रम तुडुंब भरू द्यायचा नाही, धूळ कोनापर्यंत चढली की भोवरा तीच उचलतो, फट नसली तरी. नंतर मॅनोमीटर ८४ वर आला, तो तिथेच कायमचा लावून ठेवला आणि ८० च्या खाली गेला तर फोन करा असं मार्करने लिहून दिलं.

एवढं करूनही चिमणीतून हलकासा करडा धूर राहिला, आणि इथे तुम्हाला गिऱ्हाइकाला खरं सांगता आलं पाहिजे. या सायक्लोनमध्ये वाळूसारख्या, पाण्याच्या अडीचपट जड धुळीचे साधारण साडेचार मायक्रॉनचे कण निम्मे पकडले जातात, त्याहून बारीक बहुतेक निसटतात. लाकडाचा भुसा असता तर हाच आकडा दहाच्या जवळ गेला असता, कारण कण हलका. ग्राइंडिंगमधला बारीक भाग सायक्लोनच्या हातचा नाहीच, त्याला मागे बॅग फिल्टर लागतो. शेठ म्हणाले, "मग पाण्याचा स्क्रबर लावू की, स्वस्तात होईल." साधा फवाऱ्याचा स्क्रबरही पाच मायक्रॉनच्या खाली फारसा उपयोगाचा नाही, अरुंद घशाचा व्हेंचुरी स्क्रबर लावला तर पकडेल पण त्याला घशात ६० मीटरच्या वर वेग आणि कित्येकशे एमएमचं प्रेशर ड्रॉप द्यावं लागतं, वर त्या गाळाचं करायचं काय हा नवा प्रश्न. कोरड्या धुळीला कोरडाच उपाय, असं माझं मत.

स्क्रबरची खरी जागा म्हणजे वायू. प्लेटिंग, गॅल्व्हनायझिंगच्या आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत माल बुडवतात, तिथली वाफ सायक्लोनला कळणारच नाही, तिथे प्लॅस्टिकच्या रिंगा भरलेला पॅक्ड टॉवर लागतो, वरून कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि खालून हवा. ताशी ३६०० घनमीटर हवेला टॉवर साधारण १ मीटर व्यासाचा आणि पंप ताशी ९ घनमीटरचा. पंप चालू आहे, पाणी पडतंय, तरी नाक झोंबतंय, अशी कंप्लेंट आली की पहिलं काम टाकीत पीएचची पट्टी बुडवायची. दोनच्या आसपास आलं तर टॉवर तुमचा ॲसिडच फवारतोय. एक किलो हायड्रोक्लोरिकला जवळपास १.१ किलो कॉस्टिक लागतं, आणि पोरं अंदाजाने सकाळी एक मग टाकतात, दुपारपर्यंत ते संपतं. मग घाबरून खूप टाकतात, तेही वाईट, पीएच बाराला गेला की पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइडच खायला लागतं, कार्बोनेट बनतं, आणि आपल्याकडे बोअरचं पाणी जड असलं तर रिंगांवर पांढरा थर चढून टॉवर चोक होतो. टॉवरचा मॅनोमीटर चढायला लागला की हे समजायचं. पीएच ८ ते ९ ठेवा, शक्यतो डोसिंग पंपाने. कॉस्टिकचे फ्लेक्स हळूहळू पाण्यात टाकायचे, फ्लेक्सवर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर येतं, गॉगल हवाच.

आणि गंमत म्हणजे इथेही खालीच बघायचं असतं. ब्लोअर टॉवरच्या नंतर असेल तर टॉवर सक्शनमध्ये असतो, ओव्हरफ्लोचा पाइप नुसता उघडा सोडला असेल तर तिथून हवा आत येते आणि टाकीवरच्या हुडाला कमी मिळते, वाफ शेडमध्येच पसरते. त्या पाइपला पाण्याचा सील असलाच पाहिजे, यू आकाराचा, त्याची खोली सक्शनपेक्षा जास्त, म्हणजे सक्शन १५० एमएम असेल तर सील २५० तरी ठेवा. चिमणीतून पांढरं दिसतं म्हणून घाबरू नका, नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी पाण्याची वाफ लांबवर दिसते. ती थोड्या अंतरावर विरून गायब झाली तर वाफच. विरल्यावरही मागे निळसर पट्टा राहिला, किंवा खाली उभ्या गाड्यांवर थेंब पडून डाग पडायला लागले, तर वरचा थेंब अडवणारा मिस्ट एलिमिनेटर सरकलाय नाहीतर चोक झालाय, तो काढून धुवायचा.

स्क्रबरचं मिठाचं पाणी गटारात सोडायचं नाही, ते ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये जातं आणि एमपीसीबीचा, म्हणजे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस आला की चिमणीइतकंच त्याचंही रजिस्टर मागतो, तेव्हा कॉस्टिक किती टाकलं, पाणी किती बदललं, पीएच किती आणि मॅनोमीटर किती, एवढे चार कॉलम पहिल्याच व्हिजिटला ऑपरेटरकडून आखून घ्या.