राज्यसेवा पूर्व परीक्षा: पहिल्या आठवड्यातल्या या चुका टाळा

तयारी सुरू झाली की पहिल्याच दिवशी चार रंगांचं वेळापत्रक भिंतीवर लागतं: इतिहास पंधरा दिवस, राज्यशास्त्र दहा दिवस. हे दहा दिवस कुठून आले, विचारलं तर उत्तर नसतं.

मुळात अभ्यासक्रमच चुकीचा हाती असतो. क्लासचं पत्रक किंवा टेलिग्रामवर फिरणारी पीडीएफ जुनी असू शकते. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, तरी बहुपर्यायी काळातले अभ्यासक्रम अजून फिरतात. आयोगाच्या mpsc.gov.in वरूनच अभ्यासक्रम घ्या. मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही तिथूनच उतरवा आणि सोबत अंतिम उत्तरतालिका घ्या. पहिल्या तालिकेतली काही उत्तरं हरकतींनंतर बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते. सामान्य अध्ययनाचा अभ्यासक्रम मोजक्या ओळींचा आहे आणि लोक त्या ओळींनाच घटक समजतात. ‘राज्यव्यवस्था व प्रशासन’ हा घटक नव्हे, ते आख्खं पुस्तक आहे. त्यातला पंचायतराज एवढाच भाग घेतला तरी तो एका बैठकीत संपत नाही. त्याचे चार तुकडे पडतात: बलवंतराय मेहता, वसंतराव नाईक वगैरे समित्या; 73वी घटनादुरुस्ती; जिल्हा परिषद व पंचायत समितीचा 1961 चा कायदा; आणि ग्रामपंचायतींचा 1958 चा कायदा. तुकडा बरोबर पडला का, हे ओळखायची खूण सोपी आहे. जुन्या प्रश्नपत्रिकेतला प्रश्न पाहताच तो कोणत्या तुकड्यातला हे सांगता आलं पाहिजे.

आता वेळ. इथे अंदाज बांधू नका, एक तुकडा प्रत्यक्ष करून बघा. समजा, 73व्या दुरुस्तीला दोन तास धरले होते. वाचन दोन तासांत झालंही, पण प्रश्न सोडवून चुका तपासायला एक तास गेला आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन उजळण्या बाकीच. म्हणजे चार तास. राज्यव्यवस्थेचे असे वीस तुकडे निघाले तर 80 तास होतात. रोज खरोखर चार तास बसणं होत असेल, तर हा एकच विषय 20 दिवस खातो. भिंतीवर लिहिलेत दहा. (‘रोज दहा तास’ म्हणणाऱ्यांनी दोन दिवस घड्याळ लावून पाहावं.) हाच वेग अर्थव्यवस्थेला मात्र लावू नका, तिथला एक तुकडा वेगळा मोजा.

सीसॅट फक्त पात्रतेसाठी, 33 टक्के पुरतात, म्हणून अनेक जण तो वेळापत्रकातच धरत नाहीत. याच आठवड्यात एक जुना पेपर दोन तासांत सोडवा. 200 पैकी 66 च्या आसपास घुटमळत असाल, तर रोजचा वेळ आत्ताच बाजूला काढा.

सगळ्या तासांची बेरीज परीक्षेच्या तारखेपलीकडे गेली, की बहुतेक जण उजळणी कापतात. त्याऐवजी प्रत्येक विषयाचं दुसरं पुस्तक कापा, आणि जुन्या प्रश्नपत्रिकांत क्वचितच डोकावलेले तुकडे शेवटी ढकला.